आवाज आधी, माणूस मागून

उल्हासनगर कॅम्प नंबर ३ मध्ये काही जुन्या बराकी अजून उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या मुक्कामासाठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथेच जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ ला या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं, तरी लोकांच्या तोंडी आजही ‘कॅम्प’च आहे. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक खोलीत मध्ये आडभिंती घालून अनेक संसार बसवले गेले. भिंत पातळ असली की पलीकडचं सगळं ऐकू येतं. शेजारीण आधी पलीकडून हाक मारते, आपण ‘हां, बोला’ म्हणतो, आणि मग ती दारात दिसते.

अशाच एका खोलीत चित्रित झालेल्या लघुपटाचं संकलन मी केलं. त्यातला एक मिनिटाचाही नसलेला संवाद मला तीन दिवस पुरला. जे-कट आणि एल-कट म्हणजे काय, हे पुस्तकी व्याख्येपेक्षा त्या मिनिटभरातून जास्त नीट कळतं. म्हणून या प्रकरणात तोच प्रसंग घेतो.

प्रसंग साधा आहे. ताई जमिनीवर बसून जीन्सचे लोंबणारे दोरे कापते आहे. शेजारी पॅन्टींचा ढीग आहे आणि हातात छोटी कात्री. धाकटा भाऊ पलंगाच्या कडेवर बसला आहे. तो म्हणतो, “ताई, बदलापूरचं फायनल केलं. वन बीएचके. पुढच्या महिन्यात ताबा.” ताई म्हणते, “बरं झालं.” थोड्या वेळाने ती विचारते, “आणि आई?” भाऊ अडखळतो. “आईला... थोडे दिवस तुझ्याकडे ठेव ना. जरा स्थिरस्थावर झालो की नेतो.” ताई विचारते, “थोडे दिवस म्हणजे किती?” त्याला उत्तर देता येत नाही. पुढच्या दृश्यात तो लोकलच्या दारात उभा आहे.

चित्रीकरण एकाच कॅमेऱ्याने झालं होतं. ताईचे सगळे क्लोजअप सकाळी घेतले, भावाचे दुपारी चारनंतर. मधल्या वेळात गल्लीत फर्निचरचं काम सुरू झालं होतं. त्यामुळे सकाळच्या ध्वनीत कात्री आणि लांबून जाणारी लोकल एवढंच होतं. दुपारच्या ध्वनीत मात्र प्लायवुड कापणाऱ्या मशीनची घरघर सतत होती.

मी आधी सरळ जोडणी केली. जो बोलतो तो दिसतो. त्याचं वाक्य संपलं की चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर बदलतात आणि दुसरा माणूस बोलू लागतो. हा सरळ कट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. भाऊ दिसला की घरघर सुरू व्हायची, ताई दिसली की थांबायची, जणू तो ते मशीन खिशात घेऊन फिरत होता. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. दोघं एकमेकांशी बोलत आहेत असं वाटतच नव्हतं. पाठ केलेली वाक्यं पाळीपाळीने म्हणणारी दोन माणसं दिसत होती. नट चांगले होते, टेकही चांगले होते. बिघडलं होतं ते जोडणीत.

तिथे काय बिघडलं होतं, हे समजायला माणसं खरोखर कशी बोलतात ते पाहावं लागतं. भाषेच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी साधारण एक पंचमांश सेकंद जातो, असं त्यात दिसलं. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात हे अंतर फक्त पाच फ्रेमचं आहे. पण डोक्यात शब्द जुळवून तो तोंडातून बाहेर यायला याच्या तिपटीहून अधिक वेळ लागतो. मग उत्तर इतक्या लवकर येतं कसं? ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहत नाही. वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याचं उत्तर तयार होऊ लागतं, आणि ते आधी चेहऱ्यावर येतं. नजर हलते, ओठ मिटतात, हातातलं काम थांबतं.

सरळ कटमध्ये ही तयारी पूर्ण कापली जाते. बोलणाऱ्याचं शेवटचं अक्षर ऐकून आपण ऐकणाऱ्याकडे पोहोचतो तेव्हा त्याचं ऐकून झालेलं असतं. आपल्याला मिळतं ते फक्त उत्तर. संवादातला निम्मा अभिनय ऐकण्याचा असतो, आणि सरळ कट नेमका तोच टाकून देतो.

यावरचा उपाय म्हणजे चित्राचा कट आणि आवाजाचा कट वेगवेगळ्या जागी ठेवायचा. संगणकाच्या टाइमलाइनवर वरच्या पट्टीत चित्र असतं आणि खालच्या पट्टीत आवाज. पुढच्या शॉटचा आवाज त्याच्या चित्राच्या आधी सुरू केला, तर खालची पट्टी वरच्या पट्टीपेक्षा डावीकडे बाहेर येते. रोमन लिपीतल्या जे या अक्षराचा खालचा आकडा असाच डावीकडे वळलेला असतो, म्हणून तो जे-कट. मागच्या शॉटचा आवाज त्याचं चित्र गेल्यावरही चालू ठेवला, तर खालची पट्टी उजवीकडे पुढे जाते. एल या अक्षराचा पाय उजवीकडे असतो, म्हणून तो एल-कट. दोन्हींत गोंधळ होऊ लागला तर अक्षरं विसरून एकच प्रश्न विचारावा: चित्र बदललं त्या क्षणी कोणाचा आवाज चालू होता? जाणाऱ्याचा असेल तर एल, येणाऱ्याचा असेल तर जे.

ही नावं टाइमलाइनच्या आकारावरून पडली आहेत, पण युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. चित्राची फिल्म आणि ध्वनीची पट्टी स्वतंत्र झाल्यापासून संकलक हे करत आले आहेत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे आवाज आठ फ्रेम आधी आणायचा असेल तर ध्वनीची पट्टी चित्राच्या अर्धा फूट आधी कापायची. हे अंतर टेबलावर हाताने मोजता यायचं. आवाजाला संगीताच्या आधाराशिवाय स्वतःच्या पायावर उभं करण्याचा विचार मराठी सिनेमानेही फार लवकर केला. १९३७ च्या प्रभातच्या ‘कुंकू’त व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत ठेवलं नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाजच वापरले. संकलन शिकणाऱ्या कोणालाही मी तो चित्रपट एकदा डोळे मिटून ऐकायला सांगतो.

डोळे मिटून ऐकणं, माझ्या मते, या कामाची खरी पहिली पायरी आहे. जे-कट करायचा म्हणून लगेच चित्राच्या कडा ओढू नयेत. आधी फक्त आवाज जुळवावा. मी स्क्रीनकडे पाठ करून बसलो आणि तो संवाद श्रुतिका असल्यासारखा ऐकला. “पुढच्या महिन्यात ताबा” आणि “बरं झालं” यांच्यात सरळ जोडणीत सव्वा सेकंद गेला होता, कारण मी दोन्ही टेक सुरक्षित अंतर ठेवून कापले होते. कानांना ते लांब वाटलं. ताईने इतका वेळ घेतला तर तिला धक्का बसला आहे हे भावाला लगेच कळेल, आणि गोष्टीत ते त्याला अजून कळायचं नाही. मी ते अंतर सात फ्रेमवर आणलं. आता तिचं ‘बरं झालं’ सवयीचं, तोंडदेखलं वाटू लागलं. त्यानंतरची शांतता मात्र मी वाढवून दीड सेकंदाची केली, म्हणजे “आणि आई?” हे तिने मनात घोळवून मग विचारलं असं वाटेल.

श्वासांकडे याच वेळी पाहावं लागतं. “आणि आई?”च्या आधी ताईने घेतलेला छोटा श्वास सरळ जोडणीत कापला गेला होता. वाक्य श्वासाशिवाय सुरू झालं की ते कुठून तरी चिकटवल्यासारखं ऐकू येतं. तो श्वास मी परत आणला. जे-कटमध्ये तर श्वासाचं महत्त्व आणखी वाढतं. चित्रात अजून भाऊच असतो आणि चौकटीबाहेरून श्वास ऐकू येतो, तेव्हा शब्द येण्याआधीच प्रेक्षकाचं लक्ष तिकडे वळायला लागतं.

मग पार्श्वभूमीची घरघर. सकाळच्या आणि दुपारच्या आवाजातला हा फरक जे-कट किंवा एल-कटने आपोआप मिटत नाही. बरेच नवखे संकलक तशी आशा धरतात. गोंगाट असलेल्या टेकमधून गोंगाट पूर्ण काढायला गेलं की माणसाचा आवाजही पोकळ होतो, डब्यातून आल्यासारखा. उलट शांत टेकखाली तोच गोंगाट घालणं सोपं जातं. सुदैवाने आमच्या ध्वनिमुद्रकाने दुपारी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घेऊन ठेवला होता. याला रूम टोन म्हणतात. तो तुकडा मी ताईच्या वाक्यांखाली पसरला. गल्लीत काम चालू आहे हे आता संपूर्ण प्रसंगात एकसारखं ऐकू येतं, आणि उल्हासनगरच्या खोलीत ते ऐकू यायलाच हवं होतं.

तरीही सांधे उरतात, कारण दोन टेकचा पोत तंतोतंत जुळत नाही. इथे कटची जागा कामाला येते. सांधा शांततेत ठेवला तर कान तो पकडतात. तोच सांधा कोणीतरी बोलत असताना, एखाद्या ठसठशीत अक्षराखाली ठेवला तर ऐकू येत नाही, कारण मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकतो. म्हणून येणाऱ्या शॉटची पार्श्वभूमी मी भावाच्या “ताबा”मधल्या ‘बा’खाली हळूच आत घेतली. चार ते सहा फ्रेमचा चढ दिला की पुरतं. ताई बोलायला लागते तोपर्यंत तिच्या बाजूची हवा आधीच आलेली असते.

इथवर चित्राला हात लावलेला नव्हता. आवाज एका सलग संभाषणासारखा वाटू लागल्यावरच मी चित्राच्या कडा सरकवू लागलो. यासाठी चित्र आणि आवाज यांची साखळी तात्पुरती सोडावी लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये `Alt` दाबून फक्त चित्राची कड धरता येते. प्रीमिअरमध्ये `N` दाबून मिळणारं रोलिंगचं हत्यार यासाठी उत्तम आहे. एक शॉट जितका लांबतो तितकाच दुसरा आखूड होतो, त्यामुळे एकूण लांबी बदलत नाही आणि पुढचं काही सरकत नाही. सरकवायची ती कड. आख्खी क्लिप सरकवली तर ओठ आणि शब्द यांची जुळणी मोडते. तसं झालं की क्लिपवर लाल आकडा दिसतो, किती फ्रेमचा फरक पडला ते सांगणारा. तो दिसला तर पुढे जाऊ नये. आधी मागे जाऊन दुरुस्ती करावी.

पहिला कट. भाऊ घराची बातमी सांगतो ती तीन तुकड्यांत. प्रश्न असा की यातलं किती आपण त्याच्या तोंडावर पाहायचं? “बदलापूरचं फायनल केलं” हे त्याच्या तोंडावर हवंच, कारण त्याचा आनंद आणि थोडा अपराधीपणा त्याच शब्दांत आहे. “वन बीएचके” म्हटल्यावर मात्र गोष्ट ताईकडे जाते. वन बीएचकेत किती माणसं मावतात याचा हिशोब तीच करते आहे. म्हणून “वन”च्या आधी चित्र ताईवर नेलं. उरलेली दोन वाक्यं, जवळजवळ अडीच सेकंद, भावाचा आवाज तिच्या चेहऱ्यावर चालू राहतो. हा एल-कट. “बरं झालं” ती त्याच शॉटमध्ये म्हणते, त्यामुळे तिथे नवा कट लागलाच नाही. प्रसंगात एक कट कमी झाला आणि तिचा हिशोब मात्र पूर्ण दिसला.

या कटमध्ये आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. सकाळच्या टेकमध्ये ताई बातमी ऐकताना दोरे कापत होती आणि “वन बीएचके”च्या सुमारास तिची कात्री थांबत होती. दुपारी भावाच्या शॉटच्या वेळी मात्र ती चौकटीबाहेर नुसती बसून होती, कारण ध्वनिमुद्रकाला भावाचं वाक्य स्वच्छ हवं होतं. तो बरोबरच होता. मी सकाळच्या टेकमधली कात्री उचलून भावाच्या क्लोजअपखाली टाकली. आता भाऊ बोलतो तेव्हा चौकटीबाहेर कच्, कच्, कच् असा एका लयीतला आवाज ऐकू येतो. “फायनल केलं” झाल्यावर ती लय तुटते. पुढची कच् येतच नाही. पाच-सहा फ्रेम आपण त्या तुटलेल्या लयीत राहतो आणि मग चित्र ताईवर जातं. कात्री हवेत थांबलेली असते. भावाच्या वाक्याच्या दृष्टीने हा एल-कट आहे, कात्रीच्या दृष्टीने जे-कट. एकाच चित्रकटाखाली एक आवाज रेंगाळतो आहे आणि दुसरा आधी येऊन थांबला आहे.

दुसरा कट “आणि आई?”चा. दिग्दर्शकाला हा प्रश्न ताईच्या चेहऱ्यावर हवा होता, कारण तो टेक अप्रतिम होता. मी दोन्ही प्रकारे जोडून दाखवलं. प्रश्न तिच्या तोंडावर पाहिला तर आपल्याला तिची काळजी कळते. ती आपल्याला आधीच कळलेली आहे. प्रश्न भावाच्या चेहऱ्यावर ऐकला तर तो कुठे लागतो ते दिसतं. म्हणून “बरं झालं” संपून साधारण अर्धा सेकंद झाल्यावर चित्र भावाकडे नेलं. सुटलो, असं वाटून तो खिशातून मोबाइल काढतो आहे. तेवढ्यात चौकटीबाहेरून तो छोटा श्वास, आणि “आणि आई?” त्याचा अंगठा स्क्रीनवर थांबतो. आपण ताईकडे जात नाही. तो “आईला...” म्हणून अडखळतो तेही आपण त्याच्यावरच पाहतो. “थोडे दिवस”पासून “नेतो”पर्यंतचं त्याचं उरलेलं बोलणंही त्याच्याच चेहऱ्यावर पूर्ण होतं. म्हणजे या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारताना विचारणारी दिसतच नाही. दिग्दर्शकाने तो टेक गमावल्याचं दुःख केलं, पण कट तसाच राहिला.

यासाठी लागणारं साहित्य चित्रीकरणातच मिळावं लागतं, नाहीतर संकलक हात बांधून बसतो. भाऊ मोबाइल काढतो आणि थांबतो, हे मिळालं कारण कॅमेरा त्याच्यावर चालू असताना ताईची भूमिका करणारी नटी चौकटीबाहेरून तिची वाक्यं खरोखर म्हणत होती आणि दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य न चढवता मधे जरा जागा सोडत होते. संवाद एकमेकांवर चढलेला हवा असेल तर तो टेबलावर चढवता येतो. टेकमध्येच चढला तर दोन आवाज एकमेकांत अडकतात आणि मग सोडवता येत नाहीत. तसंच वाक्य संपताक्षणी ‘कट’ म्हणणं फार महागात पडतं. नटाने शेवटचा शब्द म्हटल्यावरचे तीन-चार सेकंद म्हणजे संकलकाची शिदोरी. ऐकण्याचा अभिनय बहुतेक तिथेच सापडतो.

ऐकणारा चेहरा खरोखर ऐकत असायला हवा, हेही पाहून घ्यावं. भावाच्या एका टेकमध्ये तो नट स्वतःच्या वाक्याची वाट पाहत होता. प्रश्न अर्धा व्हायच्या आतच त्याची छाती श्वासाने फुगत होती. सरळ कटमध्ये हे कधी दिसलं नसतं, कारण तो भाग वापरलाच नसता. चित्र आणि आवाज वेगळ्या जागी कापले की असे दोष उघड्यावर येतात. तो टेक सोडावा लागला.

आणखी एक सापळा खांद्यामागून घेतलेल्या शॉटचा. ताईच्या खांद्यावरून भाऊ दिसतो तेव्हा तिची पाठ आणि गालाची कडही दिसते. माणूस बोलताना गाल हलतो, मागूनही हलतो. तिचा आवाज दुसऱ्या टेकमधून आणून या शॉटवर ठेवला आणि गाल वेगळ्याच वेळी हलला, तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं. अशा वेळी त्या शॉटच्या चार-पाच टेकमधून गाल जवळपास जुळणारा तुकडा शोधावा, नाहीतर स्वच्छ क्लोजअपवर जावं.

तिसरा कट, “थोडे दिवस म्हणजे किती?”, मी सरळच ठेवला. आवाज आधी नाही, मागे नाही, दोन्ही एकाच फ्रेमवर. आधी प्रश्न ऐकू येऊन मग ताई दिसली असती तर प्रेक्षक सावरून बसला असता. सरळ कटमध्ये सावरायला वेळ मिळत नाही. आधीचे दोन कट मऊ होते म्हणूनच हा लागला. सगळा प्रसंग जे आणि एलने विणून काढणारे संकलक असतात. प्रत्येक ठिकाणी आठ फ्रेम आधी, आठ फ्रेम नंतर, असा त्यांचा हात बसून जातो. पाच-सहा कटनंतर ते अंतर ठेक्यासारखं जाणवू लागतं आणि संवाद पुन्हा यांत्रिक होतो, फक्त वेगळ्या तऱ्हेने. दोन-तीन फ्रेमचा फरक फक्त सांध्याची धार घासतो. दहा-बारा फ्रेम दिल्या तर ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया दिसते. एक सेकंदाच्या पुढे गेलं की त्याला अर्थ चिकटतो, आणि तो अर्थ आपल्याला हवा आहे का हे ठरवूनच तिथे जावं.

काही प्रसंगांना कटच नको असतो, हेही खरं. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा लांब आणि स्थिर उभा राहतो आणि माणसं एकाच चौकटीत बोलत राहतात. कोणाकडे पाहायचं ते प्रेक्षक ठरवतो. जे-कट आणि एल-कट तो निर्णय प्रेक्षकाच्या वतीने घेतात. आमच्या खोलीत तसं लांब उभं राहायला जागाच नव्हती. भिंतीला पाठ लावूनही कॅमेऱ्यात दोघं पूर्ण मावत नव्हते.

शेवटचा सांधा खोलीतून लोकलमध्ये जाण्याचा. दृश्य बदलताना पुढच्या जागेचा आवाज आधी आणणं हा जे-कटचा सगळ्यात ओळखीचा वापर, आणि माझ्याही हाताने आधी तेच केलं. ताईचा प्रश्न, भावाचं गप्प बसणं, आणि त्या गप्प बसण्यावर ‘पुढील स्टेशन अंबरनाथ’ ही लोकलमधली घोषणा. मग चित्रात दार, वारा, भाऊ. उल्हासनगरहून बदलापूरला जाताना पुढचं स्टेशन अंबरनाथच, त्यामुळे भूगोलही चोख होता. दिसायला ते सफाईदार होतं. तीन-चार वेळा पाहिल्यावर लक्षात आलं की घोषणेने ताईचा प्रश्न पुसला जातो. उत्तर न मिळण्याची ती शांतता तिची होती, आणि मी त्यात रेल्वे घुसवली होती. प्रेक्षकाचं मन प्रश्न सोडून पुढच्या जागेकडे निघून जात होतं.

मी घोषणा मागे ढकलली, लोकलचं चित्र दिसायला लागून बऱ्याच वेळाने येईल अशी. खोलीत ताई प्रश्न विचारते, थांबते, आणि उत्तर येत नाही असं पाहून पुन्हा खाली बघून कापायला लागते. कच्. कच्. मग चित्र लोकलवर जातं आणि कात्री तशीच चालू राहते. हे टिकेल का अशी शंका होती, कारण उघड्या दारातला लोकलचा आवाज प्रचंड असतो. पण त्याची ताकद खालच्या, घुमणाऱ्या सुरांत असते. कात्रीचा आवाज तीक्ष्ण आणि वरच्या पट्टीतला असतो, त्यामुळे तो त्या गोंगाटातूनही वर येतो. हेडफोनवर तो स्पष्ट होता. मोबाइलच्या स्पीकरवर उलट तो गरजेपेक्षा जास्त मोठा वाटला, कारण छोट्या स्पीकरमधून लोकलची घरघर फारशी येतच नाही. दोन्हीकडे ऐकून त्याची पातळी मधे कुठेतरी बसवली.

भाऊ दारातल्या खांबाला धरून उभा आहे. कात्री तीन वेळा ऐकू येते, प्रत्येक वेळी थोडी आणखी हळू. चौथ्या वेळेला जिथे ती यायला हवी, तिथे अंबरनाथची घोषणा सुरू होते.